मानेवरचे केस बारीक केल्यावर येणाऱ्या घट्ट पुळ्या: साधा फॉलिक्युलायटिस की अ‍ॅक्ने कीलॉइडॅलिस, कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

मी स्किनची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावात ओपीडी चालवते, आणि आमच्या भागात पोलीस भरती नाहीतर आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं भरपूर. अशाच एका २२ वर्षांच्या पोराची केस आधी सांगते कारण हा सगळा लेख त्याच्या मानेवरच उभा आहे. तो आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, कटिंग केली की पुळ्या येतात, त्या पिकतात, मग पू जातो पण पुळी जात नाही." आठ महिने हे चाललं होतं. दर दहा दिवसांनी कटिंग, बाजूने आणि मागून झिरो मशीन, आणि शेवटी मानेची लाईन वस्तऱ्याने ओढून घ्यायची, वर तुरटी. घरी आजी म्हणाली अंगात उष्णता झालीय, म्हणून सब्जा प्यायला. मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली, मग पाच दिवस अँटिबायोटिक गोळ्या खाल्ल्या. गोळ्यांनी पिकलेलं बसलं पण खाली कडक दाणे तसेच राहिले, नंतरच्या कटिंगला त्यातला एक कापला गेला आणि कॉलरला रक्त लागलं.

त्याने स्वतःच बोलता बोलता निदान सांगून टाकलं होतं. "पू जातो पण पुळी जात नाही" हे एक वाक्य या दोन आजारांमधला मुख्य फरक आहे, बाकी सगळं तपशील.

आत नेमकं काय होतं

फॉलिक्युलायटिस म्हणजे केसाच्या मुळाच्या पिशवीला आलेली सूज. साध्या प्रकारात ती पिशवीच्या वरच्या तोंडाशी असते, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूमुळे, जो आपल्या नाकात आणि कातडीवर तसाही अधूनमधून राहतोच. वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडले, घाम साचला, ओला टॉवेल कोणाचा तरी वापरला की तो आत शिरतो. पुळी येते, मधोमध केस असतो, पिवळं टोक धरते, फुटते, खपली पडते, संपलं. वरवरची असल्यामुळे मागे खड्डा किंवा गाठ राहत नाही, फार तर थोडे दिवस काळा डाग. हीच सूज पार खोल गेली की मोठा दुखरा फोड होतो, त्याला आपण केसतोडा म्हणतो.

अ‍ॅक्ने कीलॉइडॅलिसची सुरुवात दिसायला अगदी अशीच असते पण सूज पिशवीच्या तोंडाशी नसते, मधल्या भागात असते. तिथे पिशवीची भिंत फुटते आणि केसाचा तुकडा बाहेर मांसात पडतो. आता केस आपलाच असला तरी पिशवीच्या बाहेर तो शरीराला परका, पायात कुसळ रुतून बसलं की त्याच्याभोवती जसं कडक होतं तसंच इथे होतं, कुसळ निघत नाही म्हणून शरीर त्याच्याभोवती व्रणाचं दोरखंड विणत बसतं. तोच तो कडक दाणा. जंतू बऱ्याचदा नंतर येतात, म्हणून अँटिबायोटिकने पू जातो आणि दाणा राहतो. त्या पोराच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

नाव मात्र दोन्ही बाजूंनी फसवं आहे. व्हिएन्नाच्या कापोसीने १८६९ साली या आजाराचं वर्णन वेगळ्याच लांबलचक लॅटिन नावाने केलं होतं, १८७२ मध्ये फ्रान्सच्या बाझँने त्याला अ‍ॅक्ने आणि कीलॉइड हे शब्द चिकटवले आणि तेच टिकले. हे तोंडावरच्या पिंपल्ससारखं अ‍ॅक्ने नाही, यात काळी-पांढरी टोकं नसतात. आणि खरा कीलॉइडही नाही, म्हणजे ज्याला हे होतं त्याला कान टोचल्यावर किंवा ऑपरेशननंतर गाठ येईलच असं नाही. पेशंट या नावाला फार घाबरतात, म्हणून सांगितलं.

जगात हा आजार सगळ्यात जास्त आफ्रिकी वंशाच्या पुरुषांमध्ये दिसतो, दाट कुरळ्या केसांमुळे, आणि त्याच्याबद्दलचं बरंचसं ज्ञान तिथूनच आलंय. केप टाऊनच्या नॉनहलान्हला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कटिंगच्या वेळी रक्त येणं आणि हा आजार यांचा संबंध दाखवलाय. पण आपल्याकडेही तो आहे, वयात आल्यानंतरच्या पोरांमध्ये, बायकांमध्ये फारच क्वचित. आणि गेल्या काही वर्षांत फेड कट आणि झिरो मशीन गल्लोगल्ली पोचल्यावर माझ्या टेबलासमोर अशी मान घेऊन बसणारी पोरं जास्त दिसायला लागलीयत, हा माझ्या ओपीडीतला अनुभव, त्याला यापेक्षा मोठा पुरावा म्हणत नाही.

पहिली पायरी: बोटाने बघा, मग फोटो काढा

स्वतःची मान स्वतःला दिसत नाही, म्हणून घरच्या कोणाला तरी बसवा. दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे पाठ करून, मान थोडी पुढे झुकवायची. आधी नुसतं बोट फिरवायचं, नखं न लावता. साधी पुळी बोटाला मऊ लागते, वरून ताणलेली, दाबली की दुखते. कीलॉइडॅलिसचा दाणा मोहरीपासून मुगाच्या दाण्याएवढा, गुळगुळीत, घुमटासारखा, आणि दाबला तर रबरासारखा घट्ट लागतो. खाजतो बऱ्यापैकी, दुखतो कमी, निदान पिकत नाही तोवर तरी.

मग जागा बघा. साधा फॉलिक्युलायटिस कुठेही विखुरतो, मानेवर चार, दाढीत दोन, मांडीवर एखादी. कीलॉइडॅलिसचे दाणे जिथे केस संपून मान सुरू होते त्या पट्ट्यात आडवे, ओळीने बसतात, कधीकधी थोडे वर डोक्याच्या मागच्या भागात. त्या पोराचे अकरा दाणे होते, त्यातले नऊ वस्तऱ्याच्या लाईनला लागून, जणू कोणी पट्टी धरून लावलेत.

तिसरी गोष्ट केस. दाण्यावर केस आहे का, की तिथे गुळगुळीत चकचकीत जागा झालीय, की एकाच भोकातून तीन-चार केस एकत्र बाहेर येतायत, बाहुलीच्या डोक्याला असतात तसे झुपके. झुपका किंवा टक्कल दिसलं म्हणजे आतल्या पिशव्या व्रणात गेल्यात, हे साध्या फॉलिक्युलायटिसमध्ये होत नाही.

फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरा आणि दर वेळी तितक्याच अंतरावरून, त्याच खिडकीत काढा. हे कंटाळवाणं वाटतं पण तीन महिन्यांनी औषध लागू पडतंय की नाही ते आठवणीवरून कोणालाच नीट सांगता येत नाही, ना पेशंटला ना मला.

दुसरी पायरी: दोन आठवडे थांबून बघा, पण नुसतं थांबू नका

पहिल्यांदाच पुळ्या आल्या असतील, पिवळी टोकं असतील आणि बाकी काही नसेल तर साधा फॉलिक्युलायटिस समजून सुरुवात करायला हरकत नाही. वस्तरा आणि झिरो मशीन पूर्ण बंद. स्वच्छ कपडा कोमट पाण्यात बुडवून दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं शेक. अंघोळीच्या वेळी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश एक-दोन मिनिटं ठेवून धुवायचा, आणि हा वॉश टॉवेल, उशीचा अभ्रा, शर्टाची कॉलर यांचा रंग उडवतो, म्हणून पांढरा टॉवेल घ्या आणि नीट धुवून मगच शर्ट घाला. अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदला, टॉवेल कोणाशी वाटून घेऊ नका. फोडायचं नाही, पिळायचं नाही, घरात कितीही हौशी माणूस असला तरी नाही. मानेवर खोबरेल तेल चोपडणंही एवढे दिवस थांबवा.

साधं असेल तर आठवडा-दहा दिवसांत पुळ्या बसतात आणि बोटाला काही लागत नाही. चौदाव्या दिवशी परत बोट फिरवा. टोक गेलं, लाली गेली आणि तरीही खाली घट्ट दाणा आहे, किंवा पुढच्या कटिंगनंतर त्याच जागी परत आलंय, तर आता थांबायचं नाही, स्किनच्या डॉक्टरकडे जायचं. मी "बघू अजून महिनाभर" यावर इतकी का चिडते ते सांगते. दाणे सुटे आणि छोटे आहेत तोवर औषधाने बसतात, ते एकमेकांना चिकटून पट्टा झाला की औषध फक्त मऊ करू शकतं, आणि जिथले केस गेले ते कुठल्याही औषधाने परत येत नाहीत. म्हणजे खरा फायद्याचा काळ पहिल्या काही महिन्यांचाच असतो आणि तोच मेडिकलच्या ट्यूबमध्ये जातो.

दोन आठवडे थांबायचंच नाही असे काही प्रसंग आहेत. ताप, झपाट्याने वाढणारी गरम सूज, मान वळवताना ठणका, किंवा घाण वासाचा पू सारखा झिरपतोय. डायबेटिस असेल तरी थांबू नका. आणि केसतोडे परत परत येत असतील तर शुगर एकदा तपासूनच घ्या, कितीदा तरी डायबेटिस असाच मानेवरच्या फोडातून सापडतो.

दोघांसारखंच दिसणारं पण वेगळंच काही

सगळ्यात जास्त गोंधळ मानेमागच्या लसिकाग्रंथींचा होतो. त्या कातडीत नसतात, कातडीच्या खाली असतात, बोटाखाली सरकतात, वरची कातडी स्वच्छ असते आणि केसाशी त्यांचा काही संबंध नसतो. डोक्यात कोंडा, उवा किंवा जखम असली तरी त्या फुगतात. लहान मुलाच्या किंवा मुलीच्या मानेवर खाजून खपल्या झाल्या असतील तर आधी उवा-लिखा शोधा, कीलॉइडॅलिसचा विचार मागाहून. वयात यायच्या आधी हा आजार जवळपास नसतोच.

दुसरी गोष्ट बुरशीची. डोक्यातला किंवा मानेवरचा नायटा पुळ्या घेऊन येऊ शकतो, पण तिथे पापुद्रे सुटतात, केस तुटतात किंवा ओढला की अलगद निघतो, कडा गोल असते. यीस्टमुळे होणारा एक फॉलिक्युलायटिस असतो, त्यात एकसारख्या बारीक, खूप खाजणाऱ्या पुळ्या पाठीवर, छातीवर, कधी केसांच्या कडेला येतात आणि अँटिबायोटिक घेतल्यावर त्या उलट वाढतात. शंका असली की आम्ही पापुद्रा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतो, पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी घाबरायचं कारण नाही. पू असेल तर कल्चरला पाठवतो. बायॉप्सी फारच क्वचित लागते, म्हणजे गाठी संपूर्ण डोकंभर असतील किंवा चित्र जुळतच नसेल तर.

मेडिकलची ट्यूब का घातक तेही इथेच सांगते. काउंटरवर सहज मिळणाऱ्या बऱ्याच मिक्स ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. पण नायटा असेल तर तो स्टेरॉइडखाली पसरतो आणि ओळखू येईनासा होतो, आणि कीलॉइडॅलिस असेल तर स्टेरॉइड कधी, किती, केव्हा थांबवायचं याचा हिशोबच नसतो. त्या पोराने ती ट्यूब दोन महिने मानेवर आणि जाता जाता गालावरही लावली होती, गालाची कातडी पातळ होऊन उन्हात लाल व्हायला लागली होती, ते निस्तरायला वेगळे तीन महिने गेले.

तिसरी पायरी: वस्तरा बंद, आणि सलूनमध्ये काय सांगायचं

औषध लिहायच्या आधी मी कटिंगबद्दल बोलते, कारण दाण्यावरून ब्लेड फिरत राहिलं तर कुठलंही औषध हरतं. नुसतं "बारीक नको" म्हणून भागत नाही, सलूनवाल्याला नंबर सांगावा लागतो. मशीनवर चढवायच्या कंगव्यांपैकी एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर आणि दोन नंबर म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. दाणे असताना मानेवर मी दोन नंबरच्या खाली जाऊ देत नाही, त्याहून चांगलं म्हणजे मागचा भाग कात्री-कंगव्याने. वाक्य असं सांगायचं: "दादा, मागे झिरो नको, दोन नंबर लाव, मानेची लाईन वस्तऱ्याने काढू नको, आणि मशीन दाबून फिरवू नको." लाईन थोडी धुरकट राहते, दिसायला चापूनचोपून नाही, पण चालतं. आणि दोन कटिंगमध्ये शक्य तितकं अंतर ठेवा.

आमचा हा पेशंट पोरगा यावर अडला, म्हणाला भरतीच्या अ‍ॅकॅडमीत केस बारीक लागतात. मी त्याला सर्टिफिकेट दिलं आणि सरांना दाखवायला सांगितलं, सरांनी सहा मिलिमीटर चालवून घेतले. युनिफॉर्मवाल्या सगळ्यांना सांगते, हे मागायला लाजू नका, आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी असली की बहुतेक ठिकाणी ऐकतात.

या दाण्यांतून कटिंगला रक्त येतं ही बाब दोघांसाठी गंभीर आहे. तेच मशीन पुढच्या माणसाच्या मानेवर जातं, आणि हिपॅटायटिस बी सारखे आजार रक्तातून पसरतात. म्हणून स्वतःचं ट्रिमर घेऊन जाणं सगळ्यात उत्तम, नाहीतर ब्लेड आणि मशीन तुमच्यासमोर स्वच्छ करायला सांगा. दाणे स्वतः मात्र संसर्गजन्य नाहीत, घरच्यांनी उशी वेगळी करायची गरज नाही.

मग घासणाऱ्या गोष्टी. कडक कॉलर, वरचं बटण, जर्सीचा जाड काठ, आणि हेल्मेटचा मागचा खालचा काठ. हेल्मेट सोडायचं नाही, ते जिवासाठी आहे. आत सुती कापडाचा पातळ रुमाल किंवा टोपी घाला, रोज धुवा, आणि काठ नेमका दाण्यांवर बसत असेल तर वेगळ्या मापाचं किंवा आकाराचं हेल्मेट बघा. पळून आल्यावर मान लगेच धुवायची, घाम वाळू द्यायचा नाही. आणि हात मागे जातोच, अभ्यास करताना, फोनवर बोलताना, दाणा कुरवाळायची सवय लागते, ती सुटायला घरच्यांनी टोकलं तर मदत होते.

चौथी पायरी: औषधं, कशासाठी कुठलं

हे वाचून स्वतः सुरू करण्यासाठी लिहीत नाहीये. डॉक्टरने चिठ्ठीत जे लिहिलं ते का लिहिलं हे कळलं तर माणूस ते मधेच सोडत नाही, एवढ्यासाठी.

दाणा बसवतं ते स्टेरॉइड. लावायचं असेल तर क्लोबेटासॉलसारखं तीव्र, कारण मानेमागची कातडी जाड असते आणि दाणा घट्ट, हलकं औषध आत पोचत नाही. पण ते सलग लावत राहायचं नाही, मी दोन आठवडे लावून दोन आठवडे सुट्टी अशा फेऱ्या देते, फक्त दाण्यांवर, केसांत सोपं जावं म्हणून लोशन किंवा जेल. त्याच्या जोडीला रात्री ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलीन, जे पिशवीचं तोंड मोकळं ठेवायला मदत करतं. पहिले काही आठवडे कातडी कोरडी होते, चुरचुरते, मग एक रात्र आड लावायचं. पुळ्या पिकत असतील तर क्लिंडामायसिनचं लोशन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश एकत्र, नुसतं क्लिंडामायसिन महिनोन्महिने लावलं तर जंतू त्याला सरावतात.

पू जास्त असेल, खूप दुखत असेल तर डॉक्सीसायक्लिनची गोळी, काही आठवडे ते दोन-तीन महिने. ती फक्त जंतू मारण्यासाठी नाही, सूज कमी करण्याचा तिचा वेगळा गुण आहे, म्हणून पाच दिवसांचा कोर्स आणि हा कोर्स यांची तुलना करू नका. पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, बसून, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जळते. उन्हाने कातडी लवकर भाजते, मैदानावर पळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. अ‍ॅसिडिटीच्या आणि लोहाच्या गोळ्यांबरोबर एकाच वेळी घेतली तर नीट शोषली जात नाही.

लावायच्या औषधाने सहा-आठ आठवड्यांत दाणा हललाच नाही तर दाण्यातच इंजेक्शन. ट्रायमसिनोलोन, साधारण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरुवात, जुना जाड दाणा असेल तर जास्त, दर चार आठवड्यांनी. दुखतं, खोटं सांगणार नाही, घट्ट दाण्यात औषध ढकलणं म्हणजे दाब येतोच. बर्फ आधी पाच मिनिटं लावला तर सुसह्य होतं. इंजेक्शन दाण्यात न जाता आजूबाजूला गेलं किंवा जास्त झालं तर तिथे खळगा पडतो किंवा कातडी पांढुरकी होते, बरीचशी हळूहळू भरून येते पण महिने लागतात. डायबेटिस असेल तर आधी सांगा, शुगर काही दिवस वर जाऊ शकते.

त्या पोराचा हिशोब असा. पहिल्या दिवशी अकरा दाणे, तीन पिकलेले. कटिंग बदललं, डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सहा आठवडे, वॉश, आणि क्लोबेटासॉलच्या फेऱ्या. महिन्याने नवीन दाणा एकही नाही, आणि माझ्या मते हीच पहिली खरी खूण, जुने किती बसले त्याआधी नवे यायचे थांबले का हे बघायचं. सहा आठवड्यांनी छोटे सहा दाणे बोटाला लागेनात. उरलेल्या पाचांना इंजेक्शनं, चार आठवड्यांच्या अंतराने तीनदा. मधे बहिणीचं लग्न आलं, फेड मारून घेतला वस्तऱ्यासकट, दहा दिवसांत दोन नवे दाणे. परत मागे जावं लागलं. त्याला रागावले नाही, फक्त नाण्याशेजारचे आधीचे आणि आत्ताचे फोटो शेजारी ठेवून दाखवले.

पट्टा झाला असेल तर: लेझर आणि ऑपरेशन

दाणे वारंवार येत असतील आणि तिथल्या केसांवर पाणी सोडायची तयारी असेल तर लेझर हा तर्काला धरून उपाय आहे, केसच नाही तर फुटणार काय. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं लाँग पल्स एनडी-याग जास्त सुरक्षित, कारण ते वरच्या कातडीतल्या रंगात कमी अडकतं आणि खोल मुळापर्यंत जातं. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच फेऱ्या लागतात आणि छोट्या, नव्या दाण्यांवर परिणाम जास्त, जाड पट्ट्यावर कमी. एक अडचण मात्र आधीच बोलून घ्या. लेझर सेंटरवाले आदल्या दिवशी शेव्ह करून या म्हणतात, या आजारात नेमकं तेच करायचं नाही. त्यांना सांगायचं की ट्रिमर किंवा कात्रीनेच बारीक करा, रेझर लावू नका.

पाच-सहा सुटे, जुने, घट्ट दाणे असतील तर भूल देऊन पंच नावाच्या गोल पात्याच्या हत्याराने काढता येतात, पण पंच केसाच्या मुळाच्या खालपर्यंत गेला पाहिजे. वरून तासून सपाट केलं की आतलं कुसळ तसंच राहतं आणि दाणा परत येतो. असे एकदा तासलेले आणि दुप्पट होऊन आलेले पेशंट मी बघितलेत, म्हणून ऑपरेशनच्या आधी "किती खोल काढणार" हे सरळ विचारा. मोठा पट्टा असेल तर तो आडवा, खोलवर कापून काढतात आणि बऱ्याचदा टाके न घालता जखम उघडी ठेवून आतून भरू देतात, कारण मान पुढे झुकवली की टाक्यांवर ताण येतो. भरायला दोन-तीन महिने लागतात, रोज ड्रेसिंग. आश्चर्य वाटेल पण या उघड्या जखमेचा व्रण आकसून शेवटी बारीक आडवी रेघ उरते आणि वरचे केस वाढले की झाकली जाते. ज्यांचं काम वाकून ओझं उचलायचं आहे त्यांनी तेवढी सुट्टी धरूनच तारीख घ्यावी.

दाणे बसल्यावर किती दिवस सांभाळायचं हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर वर्षांत असतं, महिन्यांत नाही. औषधं थांबवता येतात, फार तर आठवड्यातून दोनदा ट्रेटिनॉइन आणि वॉश चालू राहतो, पण वस्तरा परत आणायचा नाही.

आमच्या पोराची भरती पुढच्या हंगामात आहे. शेवटच्या वेळी आला तेव्हा दोन दाणे उरले होते, एकावर केस टिकून होते, दुसऱ्याच्या जागी तांदळाएवढं चकचकीत टक्कल, ते राहणार हे त्याला सांगितलंय. खिशात स्वतःच्या ट्रिमरचा दोन नंबरचा कंगवा घेऊन फिरतो, सलूनमध्ये गेला की आधी तो काढून टेबलावर ठेवतो.